कच्चं पाणी

प्रेमिलाला आपल्या धाकट्या जावेचा मत्सर वाटायचा, आणि तो तिनं लपवायची तसदीही कधी घेतली नाही. सिंदेवाहीच्या त्या मोहल्ल्यात कोणालाही विचारा, मंजुषाच्या दोषांची यादी तोंडपाठ. मंजूचा रंग गोरा, पण हात जड. मंजूच्या घरी मिक्सर, पण चटणीला चव नाही. मंजू दरवर्षी जुन्या साड्या पाठवते, त्यासुद्धा धुऊन इस्त्री करून, म्हणजे जुन्या आहेत हे कळावं म्हणूनच. शेजारच्या अन्नपूर्णाबाई हे ऐकून मान डोलवायच्या आणि साडी आवडली असेल तर मागूनही न्यायच्या.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मागच्या पावसाळ्यानंतर मंजूनं प्रेमिलाचा नवराच ठेवून घेतला.

म्हणजे तसं काही नव्हतं, नाही तर वाचणारा भलतंच समजायचा. मनसाराम आयुष्यभर तलावावर जगलेला माणूस. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या मासेमारी. बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, माशांचं बी सोडणं, जाळं ओढणं, भल्या पहाटे गार पाण्यात छातीभर उभं राहणं, हेच त्याचं जगणं. पावसाळ्यात जाळं ओढता ओढता त्याची कंबर धरली ती सुटलीच नाही. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि पाण्यात तर पायच टाकायचा नाही. उकिडवं बसायचं नाही म्हटल्यावर सिंदेवाहीच्या घरचा संडास कामाचा राहिला नाही. गडचांदूरला धाकटा भाऊ स्वप्निल, मंजूचा नवरा, सिमेंट कारखान्यात, त्याच्या क्वार्टरमध्ये कमोड. म्हणून मनसाराम तिकडे गेला. महिनाभरासाठी.

महिना सरला. प्रेमिलानं बचत गटातून पैसे उचलून घरी कमोड बसवला. मिस्त्री लावून फरशीसुद्धा केली. नवऱ्याला फोनवर सांगितलं, "आता या. तुमच्यासाठी सिंहासन केलं."

"येतो ना," मनसाराम म्हणाला. आणि लगेच, आवाजात कधी नव्हे तो हुरूप आणून, "तुले सांगतो, मोलीले पिल्लं झाली. इवली इवली, डोळेच दिसते नुसते."

मोली कोण हे प्रेमिलाला चार वाक्यांनंतर कळलं. मंजूच्या टाकीतली मासोळी.

मग ती स्वतः गडचांदूरला जाऊन आली. बैठकीच्या खोलीत काचेची दोन फुटी टाकी, वर दिवा, आत हिरवी पानं. समोर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत उशी, आणि उशीला टेकून तिचा नवरा. बायको दारात येऊन उभी राहिली तरी मान वळली नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसानं आपल्याकडे कधी एवढा वेळ लावून पाहिलं नव्हतं, असं तिला स्पष्ट वाटलं. मंजू मागून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, भाऊजीचा जीव लय रमते इथी."

रमते. म्हणजे घरी रमत नव्हता, असंच ना?

परतीच्या बसमध्ये प्रेमिलानं ठरवून टाकलं. टाकीच पाहिजे ना? मग टाकी आपल्या घरी येईल, मंजूच्या टाकीपेक्षा भरगच्च येईल, आणि संक्रांतीला नवरा आला की परत जायचं नाव काढणार नाही. मासे काय तिला नवीन होते? तिच्या हातून किती रोहू-कतला बाजारात गेले याचा हिशेब नाही. दरवर्षी बोटुकलीच्या, म्हणजे बोटभर पिल्लांच्या, पिशव्या मोटारसायकलवर यायच्या, तेव्हा पिशवी आधी बोडीच्या पाण्यात तरंगत ठेवायची, पाणी पाण्याला ओळखू द्यायचं आणि मगच तोंड सोडायचं, हे ती नवऱ्याच्या आधी सांगायची. ढिवराच्या घरच्या बाईला मासा पाळणं कारखान्यातल्या क्वार्टरवालीनं शिकवायचं?

तरी विचारावं लागलं, कारण टाकी, मोटार, गरम करायची कांडी यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. फोनवर मंजूनं सगळं सांगितलं, नको तेवढं सांगितलं. दोन फुटी टाकी घ्या, लहान घेऊ नका, लहान टाकीचं पाणी लवकर बिघडते. पाणी भरल्यावर ती पोत्याएवढी जड होते, म्हणून स्टँड मजबूत पाहिजे आणि जमीन सपाट. आत स्पंजवाला फिल्टर, तो रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे. आपल्याकडे थंडी पडते म्हणून हिटर, पण उन्हाळ्यात तो काढून ठेवायचा, तेव्हा पाणी थंड करायचीच पंचाईत होते. आणि खर्च एकदाच नाही, बाई. दर महिन्याला खाणं लागते, लाईटचं बिल थंडीत वाढते, दर हप्त्याला चार हिस्स्यांतला एक हिस्सा पाणी बदला लागते.

"आन् सगळ्यात मोठी गोष्ट," मंजू म्हणाली, "टाकी भरली का लगेच मासे टाकू नोका. फिल्टर लावून, चिमूटभर खाणं टाकून, तीन-चार हप्ते रिकामीच चालू द्या."

प्रेमिलाच्या कपाळावर आठी चढली. संक्रांत तीन हप्त्यांवर होती. म्हणजे नवरा घरी येणार आणि त्याला दिसणार काय? पाण्यानं भरलेला रिकामा डबा. तो बसणार पाच मिनिटं, आणि जाणार परत मोलीच्या पिल्लांकडे. वा गं मंजू. साप म्हणू नये धाकटा, म्हणतात ते काही उगीच नाही.

"हो, हो," प्रेमिला म्हणाली. "रिकामीच चालवतो."

चंद्रपूरच्या दुकानात तिच्या मदतीला स्वप्निल आला होता. मुका नाही, पण मुक्यापेक्षा जरा बरा, असा हा दीर. त्यानं टाकी पाहिली, काचेचे सांधे बोटानं चाचपले, हिटरवर किती वॅट लिहिलंय ते वाचलं, फिल्टर चालवून घेतला. प्रेमिलानं मासे निवडले. मंजूकडे आठ होते, हिनं सोळा घेतले. काळ्या मोली, लाल प्लॅटी, आणि पंखांची झालर लावलेले दोन एंजल. दुकानदारानंही "टाकी किती दिवसांची?" असं विचारलं होतं. "जुनी आहे," प्रेमिला बिनदिक्कत म्हणाली. स्वप्निल तेव्हा स्टँड उचलायला बाहेर गेला होता.

निघताना त्यानं तिच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. गाठ मारलेली, ओली, आत काहीतरी निळं-तपकिरी, गाळानं थबथबलेलं.

"काय वो हे?"

"आमच्या फिल्टरातला स्पंज. अर्धा कापून देल्ला. धुऊ नोका म्हणे, असाच लावजा." आणि तो आपल्या वाटेनं निघून गेला. स्वप्निलच्या हिशेबानं हे भाषण झालं होतं.

भाड्याच्या गाडीत मूल गाव येईपर्यंत प्रेमिला त्या पिशवीकडे पाहत राहिली. जुन्या साड्या झाल्या, आता टाकीतली घाण. तीसुद्धा अख्खी नाही, अर्धी! आणि वरून हुकूम, धुऊ नका. नव्याकोऱ्या टाकीत तिचा गाळ सोडायचा म्हणजे पाणी गढूळ होणार, आणि मंजू म्हणायला मोकळी, बाईला जमलं नाही.

घरी आल्या आल्या तिनं तो स्पंज उकळत्या पाण्यात टाकला, सर्फ घालून खळखळून धुतला, छपरावर उन्हात वाळवला. चांगला निळाशार निघाला. मग तिनं तो मोरीत ठेवला, काळी कढई घासायला. तेवढं केल्यावर तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बाकी काम तिनं नीट केलं, हे मान्य करावं लागेल. स्टँडखाली लाकडी पट्ट्या सारून पाणी एका रेषेत आणलं. रेती पाणी निवळ होईपर्यंत धुतली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून विहिरीचं पाणी भरलं. हिटर पाण्यात बुडवून थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग बटण दाबलं, सव्वीसवर लावून. माशांच्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि सावकाश तोंडं सोडली. सोळा मासे टाकीभर पसरले, तेव्हा अन्नपूर्णाबाईंच्या तोंडून "बाप्पा!" निघालं. त्या बाप्पासाठी प्रेमिलानं कितीतरी दिवस वाट पाहिली होती. मोहल्ला लोटला. आलेल्या प्रत्येकीला दाखवायला ती चिमूट चिमूट खाणं टाकत होती, मासे उसळून वर येत होते, आणि तिनं व्हिडिओ करून गडचांदूरला पाठवला. खाली लिहिलं, "सोळा."

मंजूचा फोन आला. प्रेमिलानं उचलला नाही.

तीन दिवसांनी पाण्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरकेपणा आला. पुढच्या सकाळी मासे वर तोंड काढून हवा गिळू लागले. हे तिनं बोडीवर हजारदा पाहिलं होतं. आभाळ आलं की पहाटे मासे असंच करतात, पाण्यात हवा कमी पडते. ती मगानं पाणी उचलून उंचावरून ओतत बसली. मासे जरा हलले, पण पुन्हा वर आले. कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसू लागल्या. फिल्टरचा स्पंज थोडा मळकट दिसला म्हणून तिनं तो नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. दुसऱ्या दिवशीही केला. रोज केला. स्वच्छतेत ती मंजूला हरणार नव्हती.

पहिली प्लॅटी मेली ती तिनं परसात पुरली. दोन मोली गेल्या. मग एका सकाळी एंजल आडवा तरंगताना दिसला, झालर पसरून. प्रेमिला खाटेवर बसली आणि तिला रडू आलं. माशासाठी नाही. मासे तिनं पोत्यानं विकले होते. तिला दिसत होती ती गडचांदूरची खुर्ची, त्यातली उशी. आणि मंजूचा चेहरा, काही न बोलता सगळं बोलणारा.

मंजूला फोन करायचा तिला दोनदा विचार आला. दोनदा तिनं फोन खाली ठेवला. त्यापेक्षा ती चंद्रपूरला जाऊन मेलेल्या माशांच्या जागी तसेच मासे घेऊन आली. ते आधीच्यांपेक्षा लवकर मेले.

संक्रांतीच्या आदल्या दुपारी स्वप्निलची गाडी दारात थांबली, तेव्हा टाकीत पाच जीव उरले होते. आधी मंजू उतरली, मग मनसाराम, कमरेला पट्टा बांधून, हळूहळू. त्याच्यासाठी प्रेमिलानं टाकीसमोर नवी खुर्ची मांडली होती, उशीसकट. तो कमोड पाहायला गेला नाही, हातपाय धुवायला गेला नाही. सरळ खुर्चीत बसला आणि टाकीकडे पाहू लागला. प्रेमिलानं हाच क्षण मनात शंभरदा रंगवला होता. तिला त्याचा चेहरा बघवेना.

तो म्हणाला, "पाणी कच्चं हाय."

"विहिरीचं हाय, कच्चं कसं?"

"काऊन वो, बोडीत बी सोडायच्या आंधी आपुन काय करतो? चुना टाकतो, शेण टाकतो, पंधरा दिवस पाणी पिकू देतो. नव्या पाण्यात बी टाकलं तं मरते, हे तुले सांगा लागते काय?"

सांगावं लागत नव्हतं. हे प्रेमिलाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. बोडीत शेणाच्या पाट्या तिनंच डोक्यावरून वाहिल्या होत्या. मंजू फोनवर दुसरं काय सांगत होती? फक्त ते मंजूच्या तोंडून आलं होतं, म्हणून तिच्या कानांत शिरलं नव्हतं.

"इथी शेण नाई टाकत," मनसाराम पुढे म्हणाला. "इथी स्पंजात बारीक जंतू धरते. माशाची घाण थेच खाते. थे नसले का घाणीचंच जहर होते. पण तुले स्पंज पाठवला होता ना? जुना स्पंज म्हणजे विरजण. थो लावला असता, मासे दोन-चारच टाकले असते, तं पाणी लवकर धरलं असतं." त्यानं वाकता येईल तेवढं वाकून फिल्टरकडे पाहिलं. "इथी तं नवाच दिसते. कुठी हाय थो?"

मंजू पाणी प्यायला मोरीकडे गेली होती, ती तिथंच उभी राहिली. कढईवर ठेवलेला निळा तुकडा तिनं दोन बोटांनी उचलला. एक बाजू ब्लेडनं सरळ कापलेली. कढईची काजळी दुसऱ्या बाजूला.

प्रेमिला तिच्यावर धावूनच गेली, कारण आता दुसरं काही उरलं नव्हतं. "तूच पाठवला ना थो? धुऊ नोका, लावजा! मले काय मालूम, जुन्या साड्यांसारखीच तुझी घाण पाठवली म्हणलं!"

मंजूनं स्पंज परत कढईवर ठेवला.

"मी नाई पाठवला, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण गोडही नव्हता. "मी तं नाईच म्हणत होती. आमच्या टाकीतून अर्धा स्पंज काढला तं आमचं पाणी बिघडन म्हणलं. बिघडलंही. एंजल गेला आमचा, भाऊजी ज्याले रोज पाहे थो. पण भाऊजी ऐकले नाई. स्वतःच्या हातानं फिल्टर खोलला, जाळं सांधायचं ब्लेड घेऊन कापला. म्हणे, प्रेमिलाची टाकी पैले लागली पाहिजे, म्हणजे मी घरी जाईन." ती थांबली. "आन् रिकामी टाकी चालवा म्हणलं तेव्हा तुमाले वाटलं असन, मंजू जळून राह्यली. जळली तं होती जराशी. भाऊजी रोज सकाळी उठून तुमचंच नाव घेत होते."

प्रेमिला मोरीच्या उंबऱ्यावर बसली. मनसाराम टाकीकडेच तोंड करून होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. नाव घेत होते. आपलं. तिथं, त्या खुर्चीत, त्या उशीवर. तिनं महिनोन्‌महिने नवऱ्याच्या मनातल्या ज्या बाईचा मत्सर केला ती दुसरी तिसरी कोणी नव्हती, ती स्वतःच होती. आणि तो माणूस जे एवढं जपून कापून पाठवतो, ते आपण सर्फमध्ये उकळलं.

संक्रांत झाली. तिळगूळ दिला-घेतला गेला, गोड बोलायचं सगळ्यांनी कबूल केलं, आणि मंजूच्या चटणीबद्दल प्रेमिला त्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या सकाळी टाकीत एकच काळी मोली उरली होती, कोपऱ्यात, फिल्टरच्या धारेपाशी. स्वप्निलनं गाडी काढली. मागची सीट मनसारामसाठी झटकून साफ केली.

"भाऊ, चला."

प्रेमिला दारात बादली घेऊन उभी होती. विहिरीचं पाणी, त्यात थोडं गरम मिसळून कोमट केलेलं, मंजूनं रात्री सांगितलं होतं तसं. आज तिनं मंजूचा शब्दन्‌शब्द ऐकला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्याला थांबा म्हणायचा हक्क आपण कढईत घासून टाकला असं तिला वाटत होतं.

"बादली इकडं आण," मनसाराम खुर्चीतून म्हणाला. "खाणं बंद कर. आज चार हिस्स्यांतला एक हिस्सा काढू, उद्या पुन्हा. स्पंजाले हात लावू नोको, किती का मळेना." मग भावाला, "तुम्ही जा गा. कच्चं पाणी सोडून कसं येऊ? पिकायले महिना लागन."

"मंग महिन्यानं येजा, भाऊजी," मंजू गाडीतून म्हणाली.

"पाहू," मनसाराम म्हणाला.

गाडी गेली. प्रेमिला बादल्या आणत राहिली, तो बसल्या जागेवरून मगानं पाणी काढत आणि घालत राहिला. मोली एकदा वर आली, हवा गिळली आणि पुन्हा खाली गेली. शेवटची बादली रिकामी झाल्यावर प्रेमिला मोरीत गेली, तो निळा तुकडा हातात घेतला आणि फेकायला परसाकडे निघाली. फेकवेना. पुन्हा आत आली.

मनसारामनं तिच्याकडे पाहिलं. टाकीकडे नाही, तिच्याकडे, चांगला वेळ लावून.

"कढई तरी साफ निंगाली का त्यानं?"

"नाई," प्रेमिला म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू आलं.